परिपाठातलं 2 मिनिटांचं भाषण: माकडांना बिस्किटं नकोत, सीगलना गाठिया नको (कसं लिहायचं, कसं बोलायचं)

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांच्या सहली निघतात आणि मुंबई-ठाण्याकडच्या निम्म्या शाळांची एक तरी बस गेटवेला जाऊन उभी राहते. तिथून बोट, बोटीतून घारापुरी. बोट सुटली की मागे पांढरे पक्षी लागतात, मुलं गाठिया-फरसाण उडवायला लागतात, तासाभराने घारापुरीला उतरलं की पायऱ्यांवर माकडं बसलेली, मग उरलेली बिस्किटं त्यांना. मुलं हे सगळं प्रेमाने करतात. म्हणूनच त्यांना ओरडून उपयोग होत नाही, कुणीतरी त्यांच्याच वयाच्या मुलाने नीट कारण सांगितलं तर मात्र पटकन पटतं.

मी शाळेत शिकवते आणि आमच्याकडचा परिपाठ बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सहलीच्या आठवड्यात या विषयावर एका मुलाने किंवा मुलीने छोटं भाषण करायचं असं आम्ही ठेवलंय. ज्यांना पहिल्यांदाच असं भाषण करायचं आहे त्या मुलांसाठी आणि घरी तयारी करून घेणाऱ्या आईबाबांसाठी हे लिहितेय. उदाहरण घारापुरीचं घेतलंय कारण तिथे पक्षी आणि माकडं दोन्ही एकाच दिवसात भेटतात. तुमची सहल माथेरान, महाबळेश्वर किंवा अजून कुठे असेल तर काय बदलायचं तेही शेवटी सांगते.

काय काय लागेल

- परिपाठ घेणाऱ्या बाईंची किंवा सरांची परवानगी, आणि भाषण कुठल्या दिवशी, कशानंतर आहे ते (बहुतेक शाळांत बातम्या किंवा दिनविशेष झाल्यावर वेळ मिळतो)
- बिस्किटाचा 5 रुपयेवाला छोटा पुडा, न फोडलेला, कागद चुरचुर वाजणारा हवा
- पोस्टकार्डाएवढा जाड कागद, मुद्दे लिहायला
- मोबाइलचं स्टॉपवॉच
- सहलीचं वेळापत्रक, म्हणजे डबा कधी आणि कुठे खायचा आहे ते कळतं. हे लोक विसरतात, पण भाषणातलं मुख्य वाक्य यावरच उभं आहे

1. आधी प्राणी कोणता ते नक्की करा

"माकड" म्हणून मुलं दोन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलतात आणि भाषणात गडबड होते. काळं तोंड, करडं अंग, लांबलचक शेपटी, तो वानर. तो मुख्यतः पानं खाणारा, त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यातले जंतू पानं आंबवून पचवतात. गुलाबीसर किंवा लालसर तोंड, तपकिरी अंग, डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस, ते आपलं नेहमीचं माकड, पुस्तकात त्याला टोपी माकड म्हणतात. घारापुरीला, माथेरानला, महाबळेश्वरला जे हातातून मक्याचं कणीस ओढतं ते हे.

या माकडाबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या तर भाषणाला जीव येतो. एक म्हणजे ते जगात फक्त भारताच्या दक्षिणेकडच्या भागात आढळतं, साधारण तापी-गोदावरीच्या खालच्या बाजूला. आपल्याला वाटतं माकडं काय ढिगाने आहेत, पण निसर्ग संवर्धनाचं काम बघणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत त्याची नोंद धोक्यात येऊ शकणाऱ्या, म्हणजे "असुरक्षित" गटात आहे. दुसरी गोष्ट त्याच्या गालांची. दोन्ही गालांत आतून पिशव्या असतात. फळं दिसली की ते भराभर गालात कोंबतं, मग निवांत जागी जाऊन एकेक खातं आणि बिया तिथेच थुंकतं. उंबर, वड, पिंपळ यांची फळं ते आवडीने खातं, त्यातल्या बारीक बिया पोटात जाऊन विष्ठेतून लांब पडतात. वानराला या गालपिशव्या नसतात, त्यामुळे वानरावर भाषण असेल तर हा मुद्दा काढून टाका, पोटाच्या कप्प्यांचा घ्या.

आता पक्षी. गेटवेपाशी हिवाळ्यात येणाऱ्या सीगलना मराठीत कुरव म्हणतात. त्यात काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव हे जास्त दिसतात. इथे एक फसवणूक आहे ती लक्षात ठेवा, हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, फक्त डोळ्यामागे एक गडद ठिपका राहतो. डोकं गडद व्हायला लागतं ते परत जायच्या सुमारास, मार्चकडे. भाषणात "काळ्या डोक्याचा पक्षी" म्हणालात आणि मुलांना बोटीवर पांढऱ्या डोक्याचा दिसला तर ती म्हणतील हिला काही माहीतच नाही. सरळ "कुरव" म्हणा. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी घरटी करतात आणि थंडीत समुद्राकडे उतरतात.

2. मागणी एकच ठेवा, आणि ती हाताने करता येईल अशी

"प्राण्यांवर प्रेम करा", "निसर्ग वाचवा" हे ऐकून मुलं मान डोलावतात आणि बोटीत चढल्यावर पुडा फोडतात, कारण त्या वाक्यात नक्की काय करायचं हे कुठेच नाही. "खायला घालू नका" हेही अर्धवटच आहे. मुलाच्या हातात उघडा पुडा असेल, पक्षी डोक्यावरून जात असतील, बाजूच्या बोटीतले काका गाठिया उडवत असतील तर तेव्हा ते वाक्य आठवणार नाही.

आम्ही जी मागणी ठरवली ती दोन शब्दांची आहे: चेन बंद. गेटवेला बोटीत चढायच्या आधी खाऊ बॅगेत, बॅगेची चेन बंद, आणि बाई-सर सांगतील त्या जागी बसूनच उघडायची. म्हणून सुरुवातीला वेळापत्रक मागितलं. डबा गेटवेला पोचायच्या आधी बसमध्ये किंवा परत आल्यावर खाता येत असेल तर सगळ्यात छान, बेटावरच खायचा असेल तर कुठे बसायचं ते शिक्षकांशी बोलून आधी ठरवा आणि तीच जागा भाषणात सांगा. मुलांना भूक लागणारच, खायची जागा सांगितली नाही तर चेन उघडणारच. पाण्याची बाटलीपण बॅगेत ठेवायला सांगा, विशेषतः रंगीत सरबताची. माकडं बाटली उघडायला शिकलेली असतात.

3. कारणं थोडी घ्या पण खरी घ्या

मुलं नेटवरून शोधून आणतात तेव्हा दहा-बारा कारणं आणतात. 2 मिनिटांत तीन पुरतात. कुठली घ्यायची, कुठली सोडायची, हे जरा सविस्तर सांगते कारण खरं भाषण इथेच बनतं किंवा बिघडतं.

माकडासाठी सगळ्यात पक्कं कारण हे की माकड शिकतं. त्याला बिस्किटाची चव तर कळतेच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठून आलं ते कळतं, माणसाच्या हातातून, चुरचुरणाऱ्या पिशवीतून. जंगलात त्याला फळ, कोवळी पानं, किडे शोधत दिवसाचा मोठा भाग घालवावा लागतो, इथे पायरीवर बसून मैदा-साखर-तेल आयतं मिळतं. मग टोळी पायऱ्या सोडत नाही. ज्याच्या हातात पिशवी दिसेल त्याच्याकडे येतं, दिली नाही की ओढतं. लहान मूल असेल तर त्याच्याकडून ओढणं सोपं हेही त्याला कळतं. मूल किंचाळतं, पिशवी घट्ट धरतं, मग ओरखडा किंवा चावा. आणि त्यानंतर दगड, काठ्या, "माकडांचा बंदोबस्त करा" अशा तक्रारी, पकडून दुसरीकडे सोडणं. म्हणजे शिकवलं माणसाने आणि मार खाल्ला माकडाने. ही साखळी मुलांना लगेच समजते कारण त्यातली पहिली कडी ती स्वतः आहेत.

घाटातल्या रस्त्यांवर याच साखळीचा अजून वाईट भाग दिसतो. गाडीतून फेकलेलं वेफर उचलायला माकड रस्त्यावर येतं आणि मागून येणाऱ्या गाडीखाली जातं. तुमची बस घाटातून जाणार असेल तर हे कारण नक्की घ्या. घारापुरीच्या भाषणात त्याला जागा नाही, कितीही चटका लावणारं असलं तरी.

दुसरं कारण गालपिशव्यांचं, ते वर आलंच. उंबर खाल्लं तर बी लांब जाते, बिस्कीट खाल्लं तर काहीच जात नाही.

पक्ष्यांसाठी जरा जपून. "गाठियातल्या मिठाने सीगल मरतात" असं सर्रास लिहिलेलं असतं, ते भाषणात घेऊ नका. कुरव समुद्रावर राहणारा पक्षी, खारं पाणी पिऊ शकतो, डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथींतून जास्तीचं मीठ बाहेर पडतं आणि चोचीवरून थेंबथेंब गळतं. विज्ञानाच्या बाईंनी उभ्या उभ्या हा प्रश्न विचारला तर बोलणाऱ्या मुलीची पंचाईत होईल. खरं कारण असं आहे की कुरवाचं खाणं मासे, किडे, छोटे खेकडे-कोळंबीसारखे जीव. तळलेल्या बेसनाने पोट भरतं पण जे मिळायला हवं ते त्यातून मिळत नाही, आणि पक्षी स्वतः शोधून खायचं सोडून बोटीमागे गर्दी करतात, एकमेकांना टोचतात, लोकांच्या हातावर झेप घेतात. शिवाय पुडा रिकामा झाला की वाऱ्याने समुद्रात उडतो, ते तर डोळ्यांसमोर दिसतं.

कायद्याचा मुद्दा घ्यायचा मोह होतो. "खायला घातलं तर जेल" असं लिहू नका. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात, उदाहरणार्थ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे आणि तिथे सहल असेल तर तसं स्पष्ट सांगा. घारापुरीची लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, ते अभयारण्य नाही, तिथला नियम काय आहे तो तिथल्या पाटीवर वाचायचा. भीती घालून मुलं ऐकतात ती शिक्षक बघत असेपर्यंतच.

कबुतरांचा विषयही याच भाषणात आणू नका. 2025 मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, घराघरांत दोन मतं आहेत. तुमचं भाषण त्या वादात अडकलं की माकड आणि कुरव बाजूलाच राहतील.

4. आता लिहा. हा एक पूर्ण नमुना

माइकवर, मैदानात, जरा थांबत थांबत बोललं तर मुलं मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतात. म्हणजे 2 मिनिटांसाठी 200 च्या आसपास, थोडे वर गेले तरी चालतात. खालचं भाषण आमच्या सातवीतल्या मुलीबरोबर बसून तयार केलेलं आहे, तुमच्या शाळेप्रमाणे बदलून घ्या.

*(पुडा माइकजवळ धरून चुरचुर वाजवायचा. मग तीन आकडे मनात मोजायचे, गप्प.)*

> हा आवाज आला आणि तुम्ही सगळ्यांनी वर बघितलं. घारापुरीची माकडंपण असंच बघतात.
>
> नमस्कार. मी सातवी ब मधून बोलतेय. शुक्रवारी आपली सहल घारापुरीला जाणार आहे आणि मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे.
>
> तिथल्या पायऱ्यांवर जी माकडं बसतात त्यांच्या डोक्यावर केसांचा भांग असतो. ही माकडं जगात फक्त आपल्या देशाच्या दक्षिणेकडच्या भागात राहतात. त्यांच्या गालात आतून पिशव्या असतात. जंगलात ती त्यात फळं भरतात, लांब जाऊन खातात आणि बिया तिथे टाकतात. त्या बियांची झाडं होतात. त्याच गालात आपण बिस्कीट भरलं तर काय उगवणार?
>
> आणि बिस्कीट दिलं की माकड शिकतं, माणसाच्या पिशवीत खाऊ असतो. आज तुम्ही प्रेमाने दिलंत. उद्या एखादी पहिलीतली मुलगी येईल, ती देणार नाही, मग माकड ओढून घेईल. ती घाबरेल, माकड चावेल, आणि लोक दगड कुणाला मारतील? माकडाला.
>
> बोटीमागे जे पांढरे पक्षी येतात ते कुरव. त्यातले काही लडाख-तिबेटकडून येतात. ते मासे पकडतात, किडे खातात. आपण गाठिया टाकला की ते मासे शोधायचं सोडून बोटीमागे भांडत बसतात.
>
> म्हणून लक्षात ठेवा, चेन बंद. बोटीत चढायच्या आधी खाऊ बॅगेत, चेन बंद. परत येऊन बसमध्ये बसलो की उघडायची. तोपर्यंत पक्षी बघा, माकडं लांबून बघा, कोणाच्या पोटाला पिल्लू आहे ते शोधा.
>
> कोण कोण चेन बंद ठेवणार? हात वर करा.
>
> धन्यवाद.

5. या नमुन्यात काय बदलायचं आणि काय नाही

पुड्याचा आवाज काढून टाकू नका. माइकवर तो मोठा ऐकू येतो आणि मागच्या रांगेतली बडबड थांबते, कारण खाऊच्या कागदाचा आवाज सगळ्यांना ओळखीचा असतो. आणि माकड पिशवीला कसं ओळखतं हे समजावत बसावं लागत नाही. मात्र आवाजानंतर लगेच बोलायला सुरुवात केली तर सगळं वाया जातं, ते तीन आकडे मोजायचेच. पुडा फोडायचा नाही, फोडला की लक्ष बिस्किटाकडे जातं.

"आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" हे सुरुवातीला हवंच असं काही घरी सांगतात. वक्तृत्व स्पर्धेत असू दे. इथे समोर तुमचेच मित्र आहेत, नमस्कार पुरे. सुरुवातीला संस्कृत श्लोक किंवा सुविचार टाकायचीही गरज नाही, परिपाठात सुविचार वेगळा होतोच.

पहिलीतली मुलगी तशीच ठेवा. मोठ्या वर्गातल्या मुलांना "तुम्हाला माकड चावेल" म्हटलं की ती म्हणतात आम्ही नाही घाबरत. लहान मुलीला चावेल म्हटलं की शांत होतात. आमच्याकडे आठवीतल्या मुलांवर याच वाक्याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसला.

हात वर करायला सांगणं हा भाषणाचा शेवट आहे, त्यानंतर दोन ओळींची कविता जोडू नका. आणि हात वर येईपर्यंत थांबा. पुढच्या दोन-चार मुलांनी केला की बाकीचे करतात.

अजून एक, देवाचा मुद्दा. बऱ्याच घरी शनिवारी मारुतीला जातात आणि तिथल्या माकडांना केळी-चणे घालतात, भाषण ऐकणाऱ्या मुलांचे आजी-आजोबा त्यात असतील. त्यांना नावं ठेवणारं एकही वाक्य नको. कुणी विचारलंच तर उत्तर असं द्यावं, की मारुतीपुढे ठेवलेला प्रसाद आपण माणसांनी वाटून खाऊया, माकडाला त्याचं जंगलातलं खाऊ दे. एवढं बोललं तरी पुरतं, मुलं घरी जाऊन सांगतात आणि आजी ऐकतात, निदान केळीबरोबरची प्लास्टिकची पिशवी तरी तिथे टाकत नाहीत.

6. सराव

तीन दिवस आधी सुरू करा. पहिल्या दिवशी फक्त मोठ्याने वाचायचं, अडखळतं ते शब्द बदलायचे. "गालपिशव्या" अडला तर "गालातल्या पिशव्या" म्हणा. दुसऱ्या दिवशी कागद बाजूला, कार्डावर फक्त सहा शब्द: पुडा, भांग, गाल, पहिलीतली मुलगी, कुरव, चेन बंद. सगळं पाठ करून घेऊ नका. पाठ केलेल्या भाषणात एक ओळ विसरली की मूल तिथेच थांबतं, सहा शब्द असले की कार्ड बघून पुढच्या शब्दावर उडी मारता येते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. तिसऱ्या दिवशी घराच्या गॅलरीत किंवा गच्चीत उभं राहून खालच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, स्टॉपवॉच लावून. अडीच मिनिटांच्या वर जात असेल तर कुरवाचा परिच्छेद दोन वाक्यांचा करा, शेवटची मागणी कापू नका.

माइक तोंडापासून वीतभर लांब. वारा असेल तर अजून फरफर होते, मग माइककडे जरा तिरकं उभं राहायचं. घाई झालीय हे कसं ओळखायचं? "दगड कुणाला मारतील?" या प्रश्नानंतर मैदानावर शांतता जाणवली नाही तर तुम्ही घाईत आहात, थांबा, मग "माकडाला" म्हणा.

7. नंतर मुलं प्रश्न विचारतात, तयारी ठेवा

"मग ती उपाशी नाही का मरणार?" हा पहिला प्रश्न येतोच. आपण द्यायला लागायच्या आधीपासून माकडं स्वतः शोधून खातच होती, पान, फळ, फूल, किडा, सगळं चालतं त्यांना. आपण थांबलो की पायऱ्यांवरची गर्दी हळूहळू कमी होईल, एका दिवसात होणार नाही, हेही खरं खरं सांगा. सुरुवातीला ती जास्त मागे लागतील कारण त्यांना सवय आहे.

"बिस्कीट नको, फळ दिलं तर?" केळं पौष्टिक असलं तरी हातातूनच मिळतं, म्हणजे माकड तेच शिकतं. नाही द्यायचं.

"आम्ही गॅलरीत चिमण्यांना पाणी ठेवतो, तेही चुकीचं का?" नाही. उन्हाळ्यात मातीच्या उथळ भांड्यात पाणी जरूर ठेवा, फक्त रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

"काकांनी बोटीवर गाठियाचा पुडा विकायला आणला तर?" घ्यायचा नाही, वाद घालायचा नाही. विकणाऱ्याचं पोट त्यावर आहे, त्याला उलट बोलून मुलांनी शहाणपणा करू नये. घेणारे कमी झाले की तो दुसरं काही विकेल.

8. सहलीच्या दिवशी

लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे भाषणात वार सांगण्याआधी खात्री करा. बस गेटवेला थांबली की ज्याने भाषण केलं त्यानेच उतरण्यापूर्वी एकदा "चेन बंद" अशी हाक द्यायची, बाकीची मुलं उत्तर देतात आणि चेनचा आवाज येतो. याला शिक्षकांची वेगळी सूचना लागत नाही.

माकड अंगावर आलंच तर: हातातली वस्तू सोडून द्यायची, ओढाओढ नाही. पळायचं नाही. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, माकडाला ते आव्हान वाटतं. रिकामे तळहात दाखवत हळूहळू मागे सरकायचं. त्याने दात विचकले म्हणजे ते हसत नाहीये, घाबरलंय किंवा चिडलंय, आपणही दात काढून हसायचं नाही. आणि पिल्लू असलेल्या मादीच्या जवळ फोटोसाठीसुद्धा जायचं नाही.

चावलं किंवा नखाने रक्त आलं तर लपवायचं नाही, हे मुलांना आधीच सांगा, कारण ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. माकडाच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो, त्यामुळे लस घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि सुरू केली तर सगळे डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करायचे. शिक्षकांच्या बॅगेत साबणाची एक वडी असू द्या.

जखमी माकड किंवा पक्षी दिसला तर मुलांनी हात लावायचा नाही, शिक्षकांनी वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करायचा.

9. तुमची सहल दुसरीकडे असेल तर

माथेरान, महाबळेश्वर: माकडाचा भाग आहे तसा वापरा, कुरवाचा काढा. त्याऐवजी घाटातल्या रस्त्याचं कारण घाला आणि मागणी अशी करा, "घाटात बसच्या खिडकीतून काहीही बाहेर नाही". माथेरानला तर खासगी गाड्या आत नेता येत नाहीत, मुलं चालत फिरतात, त्यामुळे तिथे चेन बंद जास्तच महत्त्वाचं.

काळ्या तोंडाचे वानर असतील अशी जागा (विदर्भात, मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी हेच): गालाचा परिच्छेद काढून हा घाला. "वानराचं पोट पानं पचवायला बनलेलं आहे, त्यात कप्पे असतात आणि पानं आंबवणारे जंतू असतात. साखर-मैदा गेला की त्या जंतूंचं काम बिघडतं, पोट दुखतं, फुगतं." बाकी सगळं तसंच.

तळ्याकाठी बदकं किंवा पाणपक्षी असतील तर ब्रेडचा विषय येतो. टाकलेला आणि न खाल्लेला ब्रेड पाण्यात कुजतो, पाणी हिरवं होतं, वास येतो, मुलांना तो किनाऱ्यावर उभं राहून दिसतो आणि नाकाला कळतो. तेवढं एक कारण तिथे पुरेसं आहे. मागणी तीच, फक्त बोटीऐवजी तळ्याचं कुंपण म्हणा: कुंपणाच्या आत गेलो की चेन बंद.